धोट्यातलं सूत आणि वेबरचे तीन शब्द

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरवरच्या तुझ्या निबंधाचा मसुदा दोनदा वाचला. वर्ग, दर्जा आणि पक्ष यांना तू एकेक परिच्छेद दिला आहेस: वर्ग म्हणजे पैसा, दर्जा म्हणजे जात, पक्ष म्हणजे निवडणूक लढवणारी संघटना. यात धडधडीत चूक कुठे नाही. पण वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की समाजातली उतरंड सांगायला वेबरला तीन शब्द लागलेच कशाला? एकट्या 'वर्गा'वर का भागलं नाही? त्याचं उत्तर तीन व्याख्या शेजारी शेजारी ठेवून मिळत नाही. एकच प्रसंग घे आणि त्यात या तीन गोष्टी एकमेकींपासून कुठे सुटतात ते दाखव. मी तुला मुंबईच्या कापड गिरण्या सुचवतो, १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या.

आधी वर्ग. तू उत्पन्नाचे गट पाडले आहेस, ते काढून टाक. वेबरच्या दृष्टीने वर्ग ठरतो तो बाजारात माणूस काय घेऊन उतरतो यावर: कुणाकडे गिरणी, कुणाकडे चाळ, कुणाकडे फक्त हातातलं कसब. त्यावरून त्याच्या जीवनसंधी, म्हणजे आयुष्यात काय मिळवता येईल याच्या शक्यता, ठरतात. ज्याच्याकडे विकायला श्रमांखेरीज काही नाही अशांतही तो फरक करतो, कारण प्रत्येकाच्या श्रमाला बाजारात सारखा भाव नसतो. गिरणीत हे स्पष्ट दिसतं. विणाई खात्यातल्या, म्हणजे कापड विणणाऱ्या साच्यांवरच्या कामगाराला कापडाच्या मापावर मजुरी मिळे आणि ती कताईच्या रिंग खात्यापेक्षा चांगली असे. दोघेही मालमत्ता नसलेले, दोघेही मजुरीवर जगणारे, तरी बाजारातली त्यांची जागा एक नाही. आणखी एक गोष्ट विसरू नकोस: वर्ग म्हणजे आपोआप एकत्र वागणारा समूह नव्हे. एका परिस्थितीत असलेली माणसं एकजूट करतीलच असं वेबर कुठेही धरून चालत नाही.

आता मुख्य जागेवर ये. साच्यावर आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फिरतो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचं सूत संपतं. कामगार नवी कांडी घालतो, सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी आणतो आणि भोकाला तोंड लावून श्वासाने ते बाहेर ओढून घेतो. दिवसभर हेच चालतं, आणि त्याच धोट्याला दुसऱ्या कामगाराचंही तोंड लागतं. म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात येऊ दिलं नाही. ते राहिले मुख्यतः रिंग खात्यात, कमी मजुरीवर. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला तो याचसाठी.

या एका कृतीवर तुझ्या निबंधाचं निम्मं वजन ठेव. इथे अडवणारा बाजार नव्हता. कसब नाही म्हणून कुणाला परत पाठवलं नव्हतं. ते शिकण्याच्या जागेपर्यंतच पोचू दिलं नव्हतं. अडवणारे स्वतः मजूरच होते आणि कारण होतं उष्ट्याचं, विटाळाचं. वेबर दर्जागट ओळखतो तो मान-अपमानावरून: कोण कुणाबरोबर जेवतं, कुठे सोयरीक होते, कुठला व्यवसाय कुणाला बंद. दर्जाची व्यवस्था बाजाराला मोकळेपणी चालू देत नाही, काही संधी ती आपल्या माणसांसाठी राखून ठेवते, असं त्याचं म्हणणं आहे. धोट्याच्या भोकापाशी ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून 'जातीचा वर्गावर परिणाम होतो' असं मोघम वाक्य लिहू नकोस. कोणी अडवलं, काय कारण देऊन अडवलं आणि त्याने मजुरीत काय फरक पडला, हे लिही. श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी, हे जातीबद्दलचं आंबेडकरांचं १९३६ चं प्रतिपादन इथे आणलंस तर ते शोभेपुरतं उरणार नाही, पुरावा म्हणून उभं राहील.

उलट बाजूही एका वाक्यात दाखव. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानात वरच्या हुद्द्यावर रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. बाजारातली जागा वर गेली, दर्जा जिथे होता तिथेच राहिला. दोन रेषा वेगळ्या आहेत हे सिद्ध करायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एक सावधगिरी. 'दर्जा म्हणजे जात' हे तुझं समीकरण सैल कर. वेबर जातीला दर्जागटाचं टोकाचं, विधींनी बंद झालेलं रूप मानतो. पण वकिली किंवा सैन्यातली अधिकारपदं यांनाही दर्जा असतो. शिवाय जातीला जमीन आणि धंदाही चिकटलेला असतो, म्हणजे तिच्यात वर्गही आहे. दोन गोष्टी विचारात वेगळ्या करायच्या, प्रत्यक्षात त्या गुंतलेल्या असतात. हे न सांगितल्यास परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल.

पक्षाच्या परिच्छेदाची मांडणीच बदल. वर्ग आणि दर्जा ही माणसाची स्थिती आहे. पक्ष ही कृती आहे, ठरवून, संघटना बांधून निर्णयांवर प्रभाव पाडण्याची. म्हणून प्रत्येक व्यक्तीपुढे वर्ग, दर्जा, पक्ष असे तीन गुण मांडणारा तुझा तक्ता चालणार नाही. वेबरचा पक्ष एखाद्या मंडळातही असू शकतो, गिरणीच्या युनियनमधला गटसुद्धा त्यात बसतो.

इथेही उदाहरण तेच पुढे ने. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यात कोकणातल्या कुळांचा प्रश्न होता आणि ती कुळं एकाच जातीची नव्हती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात हा पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. आणि १९४२ मध्ये त्याच नेत्याने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केली, आता उघडपणे अनुसूचित जातींच्या नावाने. त्या सहा वर्षांत पाठीराख्यांची वर्गस्थिती किंवा दर्जा फारसा पालटला नव्हता. बदलला तो संघटनेचा आधार, आणि तो बदलण्यामागे घटनात्मक वाटाघाटींत कुणाच्या नावाने बोलायचं हा सत्तेचा प्रश्न होता. पक्ष ही वर्गाची किंवा दर्जाची नुसती सावली असती, तर हे घडलं नसतं. मात्र मजूर पक्षाला 'शुद्ध वर्गीय' म्हणू नकोस. त्याचा कणा महार समाजच होता. पक्ष बहुधा दोन्हींतून थोडं थोडं घेतात, हे वेबरनेही मान्य केलं आहे.

एवढं झालं की क्रम असा लाव: धोटा आधी, व्याख्या त्यातून, मग बडोदा, मग १९३६ आणि १९४२. वेबरचं चरित्र दोन ओळींत आटोप. १९२० मध्ये तो वारला आणि हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपात आलं, इतकं पुरे. मार्क्सशी तुलना हवीच असेल तर ती विणाई खात्याच्या दारातच कर: एकाच वर्गातल्या माणसांनी एकमेकांना का अडवलं, हा प्रश्न विचार आणि दोघांकडून काय उत्तर मिळतं ते लिही. नवा मसुदा झाला की आधी तेवढंच पान पाठव.

कळावे,
तुझा सर