यंत्रमाग कामगारांच्या सर्व्हेला कोणता इंडेक्स?

प्रश्न: सोलापुरात यंत्रमाग कामगारांच्या दातांचा सर्व्हे करतोय. ओएचआय-एस घेऊ की प्लाक इंडेक्स?

उत्तर: ओएचआय-एस घ्या. त्यात सहा दातांचा एकेकच पृष्ठभाग बघायचा असतो, त्यामुळे रांग लवकर सरकते. मऊ थर आणि कीटण यांना वेगवेगळे ० ते ३ गुण द्यायचे. समजा मऊ थराची बेरीज ९, कीटणाची ६. प्रत्येकी सहाने भागून १.५ अधिक १, म्हणजे २.५. ३.० पर्यंत ‘मध्यम’.

आपल्याकडे घोटाळा होतो तो मिश्रीने. काळा डाग अख्ख्या दातावर असला, पण मऊ थर नसला, तर गुण १च. नवखे सर्रास ३ लिहितात. प्रोब फिरवून पाहा.

प्लाक इंडेक्स हिरडीलगतच्या थराची जाडी मोजतो. त्याला वाळवलेले दात, चांगला उजेड आणि वेळ लागतो. हिरडीच्या सुजेशी संबंध तपासायचा असेल तरच तो निवडा.