ड्रोनच्या फोटोवरून कपाशीची झाडं मोजून उत्पन्न सांगता येतं का?

प्रश्न: आमच्या दोन एकर कपाशीचा ड्रोनने फोटो काढलाय. त्यातली झाडं मोजून किती क्विंटल कापूस होईल ते कळेल का?

झाडं कळतील, क्विंटल नाही. क्विंटलसाठी बोंडं धरल्यावर शेतात उतरावंच लागतं.

आधी फोटो कधीचा ते बघा. उगवणीनंतर १५ ते २५ दिवसांत, झाडं एकमेकांना भिडायच्या आत काढलेला हवा. ड्रोन वीसेक मीटरवर असेल तर प्रत्येक रोप वेगळं दिसतं; फार वरून काढला तर नुसती हिरवी रेघ.

सॉफ्टवेअर फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचं 2G − R − B, म्हणजे हिरव्याची दुप्पट वजा लाल वजा निळा, असं काढतं, हिरवं तेवढं ठेवतं आणि ठिपके मोजतं. तणही हिरवंच, त्यामुळे डवरणी-निंदणी झाल्यावरचा फोटो बरा आणि ओळीबाहेरचे ठिपके वगळायचे. उलट, चिकटलेल्या दोन रोपांचा एकच ठिपका होतो आणि आकडा कमी येतो. किती कमी, हे शेतातच कळतं.

समजा लागवड ४ बाय १ फुटावर आहे, एका ठिकाणी एक झाड. मग दोन एकरांत २१,७८० झाडं बसतात. फोटोत निघाली १७,६००. आता शेतात दहा ठिकाणी ओळीचे ३३-३३ फूट हाताने मोजा. हाताने २८० भरली आणि फोटोत त्याच जागी २६४ होती, तर फोटोच्या आकड्याला २८०/२६४ ने गुणायचं. म्हणजे साधारण १८,६७० झाडं, शंभरातली चौदा गायब. एवढ्या लवकर कळलं तर नांग्या भरायला निदान वाव असतो. फोटोचा खरा फायदा मला इथेच वाटतो.

बोंडं पोसली की शेतात पाच जागी ओळीने दहा-दहा झाडं घ्या. डोळ्यांत भरणारी निवडू नका, बांधाकडची सोडा. पक्की बोंडं तेवढी मोजा, पात्या-फुलं नकोत, त्यातली बरीच गळतात. फुटू लागल्यावर शंभर बोंडांचा कापूस तोला. ४०० ग्रॅम भरला म्हणजे बोंडामागे ४ ग्रॅम. झाडाला सरासरी २५ बोंडं असतील तर १८,६७० × २५ × ४ ग्रॅम, म्हणजे साधारण १८.७ क्विंटल. पण २० धरली तर १५ आणि ३० धरली तर २२ क्विंटल. झाडांच्या मोजणीत पाच टक्के चुकलं तरी एक क्विंटलही इकडेतिकडे होत नाही, बोंडांत मात्र सगळा खेळ आहे. त्यामुळे फोटो बघून कोणी थेट क्विंटल सांगत असेल तर बोंडं कुठून धरली ते विचारा.

झाडं १४ टक्के कमी म्हणून कापूसही तेवढाच कमी, असंही नसतं. एखादं झाड नसेल तर शेजारचं फांद्या पसरून जास्त बोंडं धरतं. सलग पाच-सहा फूट मोकळे असतील तर मात्र ती जागा भरून निघत नाही, म्हणून फोटोत खांडी कुठे आहेत तेही बघा. आणि गुलाबी बोंडअळीसाठी मोजलेल्यातली काही हिरवी बोंडं फोडून बघा. दहात दोन किडकी निघाली तर १८.७ चे १५ धरा.