सात रुपयांचं इन्स्टॉल महाग कसं पडतं

प्रश्न: मी खानापूरचा. आमचं मराठीतून कन्नड शिकवणारं अ‍ॅप आहे. 20 धडे मोफत, पुढचा कोर्स एकदाच 249 रुपयांना. गूगलवर महिनाभर दोन मोहिमा चालवल्या. पहिलीत 14,000 रुपयांत 2,000 इन्स्टॉल, सातव्या दिवशी 60 जण उरले, 7 जणांनी कोर्स घेतला. दुसरीत 13,000 रुपयांत 500 इन्स्टॉल, 90 उरले, 14 जणांनी घेतला. पहिलीच्या जाहिरातीत मोठं कन्नड अक्षर आहे आणि ती कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे दिसते. दुसरी फक्त बेळगाव जिल्ह्यात, मराठी वाक्यासह. भागीदार म्हणतो दुसरी बंद करून सगळे पैसे पहिलीत टाकू. काय करावं?

उत्तर:

भागीदाराला आधी एक भागाकार करायला सांगा. खर्चाला इन्स्टॉलने नका भागू, सातव्या दिवशी उरलेल्या माणसांनी भागा. पहिल्या मोहिमेत उरलेला एक माणूस 233 रुपयांना पडला, दुसरीत 144 ला. कोर्स घेणारा एक माणूस पहिलीत 2,000 रुपयांना, दुसरीत साधारण 930 ला. सात रुपयांची मोहीमच महाग आहे.

ती अशी का झाली हे तुमच्या प्रश्नातच आहे. जाहिरातीत मोठं कन्नड अक्षर. आता हुबळी-धारवाडकडच्या कन्नड घरातल्या आईला ते दिसलं, तर तिला वाटणार पोराला मुळाक्षरं शिकवायचं अ‍ॅप आहे. ती घेणार, उघडणार, आत सगळं मराठी दिसणार आणि काढून टाकणार. मोहिमेला मात्र हा माणूस "यशस्वी" वाटतो, कारण तुम्ही तिला इन्स्टॉलच मागितलंय. मग ती असलीच माणसं आणखी शोधत जाते, आणि ती स्वस्तात मिळतात म्हणून तुमचा आकडा सुंदर दिसतो. खात्री करायची तर फायरबेस या गूगलच्या मोजणीच्या साधनात `first_open` आणि `app_remove` शेजारी ठेवून बघा. अँड्रॉइडवर दोन्ही आपोआप नोंदले जातात. पहिल्याच दिवशी काढून टाकणाऱ्यांचा ढीग पहिल्या मोहिमेत दिसला, तर दोष अ‍ॅपचा नाही, जाहिरातीतल्या चित्राचा आहे.

दुसरी शक्यताही तपासा. मागे एका एजन्सीने मला तीन रुपयांत इन्स्टॉल आणून दिले होते. मी खूश. नंतर बघतो तर `first_open` नंतर काहीच नाही, आणि तासावार आलेख काढला तर मध्यरात्री दोन तासांत सगळी गर्दी. रिचार्जच्या लोभाने अ‍ॅप उघडून बंद करणारी माणसं होती ती. तुमचं तसं असेल असं वाटत नाही, तुमचे 60 तरी टिकलेत. पण तासावार आलेख काढायला पाच मिनिटं लागतात.

भाषेच्या निवडीबद्दल एक सांगतो, कारण आपल्या भागात इथेच गोची होते. फक्त मराठी भाषा निवडली तर गूगल फोनच्या सेटिंगवरूनही अंदाज बांधतं, आणि टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो. म्हणून भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा, पण जाहिरातीतलं वाक्य मात्र ठेठ मराठीत लिहा: "ऑफिसात कन्नड अडतंय? मराठीतून शिका." ज्याला हे वाचता येत नाही किंवा ज्याचं अडत नाही, तो पुढे जाईल. चाळणी सेटिंगमध्ये नाही, वाक्यात लावायची. अक्षराचं चित्र काढूनच टाका.

इथपर्यंत तुम्हाला बरं वाटलं असेल. आता कडू भाग. दुसरी मोहीमही तोट्यातच आहे, आणि थोड्याथोडक्या नाही.

249 रुपयांतून गूगलचे 15 टक्के वजा जाता हातात 212 उरतात. जीएसटी मी धरलेलाच नाही, तो तुमच्या सीएला विचारा. 14 जणांचे झाले 2,968 रुपये, खर्च 13,000. म्हणजे इन्स्टॉलमागे सहा रुपयेही येत नाहीत आणि तुम्ही 26 देताय. फिट्टंफाट व्हायला 500 पैकी 62 जणांनी कोर्स घ्यायला हवा, म्हणजे दर आठातल्या एकाने. अनोळखी माणसं जाहिरातीवरून आणून हे होत नाही. उरलेल्या 90 पैकी आणखी काही जण पुढे घेतीलही. समजा आकडा दुप्पट झाला, तरी इन्स्टॉलमागे बाराच रुपये येतात. मोहीम कितीही घासूनपुसून चालवा, एकदाच 249 घेणाऱ्या अ‍ॅपला हा खर्च झेपणार नाही.

पैसे देणारा माणूस पुन्हा पैसे देईल असं काहीतरी अ‍ॅपमध्ये हवं. कोर्स संपल्यावर संभाषणाचा सराव दरमहा 149 रुपयांना ठेवता येईल का, बघा. कन्नड ज्याच्या नोकरीला लागतंय त्याला लिपी आल्यावर बोलायला कुणीतरी हवंच असतं. कोर्स घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हा सराव सहा महिने ठेवला, तर प्रत्येक ग्राहकाचे सरासरी 212 अधिक 380 असे 592 रुपये होतात. 14 जणांचे झाले 8,288. अजून 13,000 नाहीत, पण आता अंतर मोहीम सुधारून भरून काढण्याजोगं आहे. आधी ते नव्हतं.

मोहीम सुधारायची म्हणजे तिला इन्स्टॉलऐवजी दुसरं काहीतरी मागायचं. थेट खरेदी मागू नका, दुसऱ्या मोहिमेत ती महिन्याला चौदाच होतात आणि एवढ्यावर यंत्रणेला काही उमगत नाही. शिवाय गूगलचा सल्ला असा की रोजचं बजेट अपेक्षित कृतीच्या किमतीच्या निदान दहापट हवं. खरेदीला 930 पडत असतील तर रोजचे 9,300 झाले. मधली पायरी पकडा. माझ्या अंदाजाने पाचवा धडा संपवणं ही ती पायरी असेल, पण डेटा बघून ठरवा: कोर्स घेतलेल्या 21 जणांपैकी जवळजवळ सगळ्यांनी जी ओलांडली आणि न घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ओलांडली, ती पायरी. पहिला धडा सगळेच करतात, विसावा फार थोडे, दोन्ही कामाचे नाहीत. त्याचा `lesson5_done` असा इव्हेंट लावा, गूगल अ‍ॅड्समध्ये आणा आणि मोहिमेला तोच मागा.

समजा दुसऱ्या मोहिमेतल्या 160 जणांनी पाचवा धडा संपवलाय. मग एकाला 81 रुपये पडले, रोजचं बजेट झालं आठशेच्या आसपास. तुम्ही सध्या या मोहिमेमागे रोज साडेचारशेच्या आत आहात. महिनाभर थोडं थोडं घालण्यापेक्षा दोनच आठवडे रोज 800 घाला, 11,200 होतील. त्या दोन आठवड्यांत बोली, चित्र, जिल्हा काहीही हलवू नका.

इन्स्टॉलचा भाव तेव्हा 35-40 झालेला दिसेल आणि भागीदार फोन करेल. त्याला पाचव्या धड्याचा भाव दाखवा. तो 81 च्या खाली आला असेल तर मोहीम सुधारतेय. खरेदीच्या आकड्यावर मात्र लगेच उड्या मारू नका की हो, 14 च्या जागी पुढच्या खेपेला 9 किंवा 19 येणं हा नुसता योगायोगही असू शकतो. त्या तुकडीला इन्स्टॉलपासून पूर्ण 30 दिवस होऊ द्या, मग जुन्या तुकडीच्या 30 दिवसांशी ताडा.

तर क्रम असा ठेवा. पहिली मोहीम आजच बंद, दुसरी थांबवलेली. आधी सरावाचा मासिक प्लॅन सध्याच्या 21 ग्राहकांना दाखवा आणि कितीजण दुसऱ्या महिन्याचे पैसे देतात ते मोजा. पाच-सहा जणही देत नसतील तर जाहिरातीचे 11,200 खिशातच राहू द्या.