शोरील लेकीचं आहे, तिला निवडू द्या

प्रश्न : आम्ही इंदूरचे. मुलगी २१ वर्षांची, यंदा बी.कॉम. झाली. तिला अभिनयच करायचा आहे. मी तिला एक वर्ष दिलंय, त्यात काही झालं नाही तर बँकेच्या परीक्षा. मुंबईच्या एका एजन्सीनं शोरील आणि प्रोफाइल व्हिडिओचं पॅकेज ६५ हजारांत सांगितलं आहे, ५ हजार बयाणा दिला. रडणं, राग, विनोद, प्रेम आणि देशभक्ती असे पाच संवाद मी गाजलेल्या सिनेमांतून काढून दिलेत. उंची पाच फूट दोन इंच आहे, पाच-चार सांगू म्हणतो. तिनं इथल्या एका मराठी एकांकिकेत आईच्या पाटल्या गहाण टाकणाऱ्या भावाला जाब विचारणारी बहीण केली होती, खूप टाळ्या मिळाल्या. ती म्हणते तेच साधेपणानं करू. ड्रामा स्कूलला आणि कास्टिंगवाल्यांना हे एकच शोरील चालेल ना?

उत्तर : नमस्कार. संवाद तुम्ही निवडले, भावना तुम्ही ठरवल्या, एजन्सी तुम्ही शोधली आणि उंचीही तुम्हीच वाढवली. तुमच्या सबंध पत्रात लेकीचं म्हणणं एकाच वाक्यात आलं आहे आणि नेमकं तेच वाक्य बरोबर आहे. वडिलांनी निवडलेलं साहित्य पाठ करून म्हणणारी मुलगी कॅमेऱ्यात लगेच ओळखू येते. तिचं लक्ष समोरच्या माणसाकडे नसतं, आपण बरोबर करतोय ना याकडे असतं. तुमची काळजी मला कळते, पण तिच्या कामावर तुमचा हात असा राहिला तर महागडा कॅमेराही काही करू शकणार नाही. एका वर्षाची मुदतही काढा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रमच तीन वर्षांचा आहे. वर्षभरात निकाल हवा म्हटलं की मुलं घाईनं चुकीच्या माणसांना पैसे देतात.

ड्रामा स्कूलचं थोडक्यात सांगतो. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुण्याची एफटीआयआय, तुमच्या जवळचं भोपाळचं मध्यप्रदेश नाट्य विद्यालय, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला नाट्यविभाग, यांपैकी कुठेही प्रवेश चकचकीत शोरीलवर मिळत नाही. तिथे परीक्षकांसमोर उभं राहून तयार केलेले उतारे करावे लागतात, त्यांनी मध्येच सांगितलेला बदल तिथल्या तिथे करून दाखवावा लागतो, शिवाय मुलाखत असते. परदेशातल्या बऱ्याच शाळा पहिल्या फेरीला व्हिडिओ मागतात, पण तोही सलग, विनासंपादन स्वगताचा. तेव्हा तुमचे ६५ हजार शाळांच्या कामाचे नाहीतच.

आता मुख्य गैरसमज. शोरील म्हणजे कलाकारानं आधी केलेल्या कामाचे वेचे : एखाद्या लघुपटातला प्रसंग, जाहिरात, मालिकेतले दोन शॉट. ज्यानं कॅमेऱ्यासमोर अजून काम केलेलं नाही त्याच्याकडे शोरील नसतं आणि तसं नसण्यात काही कमीपणा नाही. नव्या माणसाकडून कास्टिंगवाले दोन गोष्टी मागतात, प्रोफाइल व्हिडिओ आणि एक-दोन छोटे प्रसंग. पॅकेजमध्ये जे बनतं ते तिसरंच असतं. त्यात धूर, दिवे, संथ चाल, मागे संगीत आणि गाजलेले संवाद असतात. संगीतामुळे आवाज कळत नाही, दर तीन सेकंदांनी कट असल्यामुळे मुलगी एक सलग भाव धरू शकते का ते कळत नाही, आणि गाजलेला संवाद ऐकताच बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूळ नट उभा राहतो. त्यातून वाईट म्हणजे तीच भिंत, तोच दिवा आणि तेच संवाद घेऊन त्याच एजन्सीची आणखी मुलं त्याच कास्टिंगवाल्याकडे गेलेली असतात. बयाणा परत मागा. नाही मिळाला तर सोडून द्या, उरलेले ६० हजार वाचवा. आणि ऑडिशनसाठी किंवा नाव नोंदवायला पैसे मागणारा कास्टिंगचं काम करत नसतो, एवढं लक्षात ठेवा.

प्रोफाइल व्हिडिओ मिनिटाच्या आत संपतो. मध्यम शॉट, छातीपासून वर, नजर थेट लेन्समध्ये. नाव, वय, उंची, राहणार कुठली, कोणत्या भाषा बोलते, काय काम केलं आहे, एवढंच, आणि पाठ केल्यासारखं नाही. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून, आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण उभी. उंची पाच-दोन असेल तर पाच-दोनच सांगायची. या पूर्ण शॉटमध्ये मागच्या दारावरून अंदाज येतोच, आणि लुक टेस्टला सहकलाकाराशेजारी उभं केलं की दोन इंचांची थाप उघडी पडते. पाच-दोनच्या मुली कास्टिंगला लागतात. खोटी माहिती देणारी कुणालाच नको असते. चेहऱ्यावर फिल्टर नको, जड मेकअप नको, कारण त्यांना आज दार उघडल्यावर जी मुलगी दिसेल तीच बघायची आहे.

भाषेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण इंदूरकर मराठी मुलीसाठी तो महत्त्वाचा भाग आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही घरच्या असणं ही तिची मोठी जमेची बाजू. ओळख ती जशी बोलते तशा हिंदीत करू द्या, 'अपन' आलं तर येऊ द्या. मात्र एक प्रसंग असा हवा की ज्यात इंदुरी लहेजा बाजूला ठेवता येतो हे दिसेल. मराठीचंही तेच. आपल्याकडच्या मराठीची वाक्यं हिंदीच्या चालीवर वर जातात, ते मराठी मालिकावाल्यांना चटकन ऐकू येतं. ध्वनिमुद्रण करून ऐकवलं तर तिला स्वतःलाच कळेल. आणि एकच प्रसंग दोन्ही भाषांत करू नका, भाषांतरित वाक्य तोंडात बसत नाही. मराठीत पाटल्यांचा प्रसंग, हिंदीत पूर्ण वेगळा आणि हलका.

आता तो पाटल्यांचा प्रसंग. टाळ्या बहुधा तिच्या लांब जाब विचारण्याला पडल्या असतील. तुम्ही तेच भाषण घ्याल आणि तिथेच फसाल. रंगमंचावर तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा असतो, कॅमेरा चार-पाच फुटांवर असतो. तेच भाषण तसंच केलं की नुसता आरडाओरडा वाटतो आणि माइकही फाटतो. सुरुवात त्याच्या आधी करा, जिथे तिला अजून माहीत नाही. ती सहज विचारते, 'कपाटाची किल्ली कुठंय रे?' भाऊ म्हणतो, 'कशाला हवीय?' इथे ती एक क्षण थांबते. पुढे त्याची दोन-तीन तुटक उत्तरं, तिचे दोन प्रश्न, आणि पाटल्या घरात नाहीत हे तिला कळतं ती जागा. स्फोटाच्या आधीच्या वाक्यावर थांबा आणि त्यानंतर कॅमेरा दोन सेकंद तसाच चालू ठेवा. सगळं मिळून एक मिनिट, फार तर सव्वा. बघणाऱ्याला या मिनिटात सगळ्यात मोलाचं काय, तर भाऊ बोलत असताना तिचा चेहरा. झालेला टेक आवाज बंद करून नाटक न पाहिलेल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, समोरचा कधी खोटं बोलला? त्याला जागा सांगता आली तर टेक चांगला. चेहरा भावाचं वाक्य संपायच्या आधीच बदलत असेल, तर ती ऐकत नाहीये, आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघतेय.

भावाची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याला अगदी खेटून उभा हवा, म्हणजे तिची नजर लेन्सच्या जवळ पण लेन्सबाहेर राहते. प्रोफाइलमध्ये लेन्समध्ये बघायचं, प्रसंगात नाही, हा फरक फार जण चुकवतात. वाचणाऱ्यानं हळू आणि साधं वाचायचं. तो माइकच्या जवळ असेल तर त्याचाच आवाज मोठा येतो आणि मुलगी मागे पडते. हे काम तुम्ही करू नका. तिच्या नाटकातली एखादी मैत्रीण बोलवा आणि त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.

फोन चालेल. मागचा कॅमेरा, फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला तिपाईवर, फुल एचडी. उभा व्हिडिओ कुणी मुद्दाम मागितला तरच उभा. खिडकी तिच्या समोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. पांढऱ्या भिंतीपुढेही कॅमेरा चेहरा गडद करतो, म्हणून फिकट निळी किंवा राखाडी भिंत किंवा चादर, आणि ती भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, म्हणजे सावली मागे उमटत नाही. चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस लॉक करा, नाहीतर ती हलली की चित्र मध्येच उजळतं. दिवे लावून करायचं असेल तर सेटिंग २५ फ्रेमचं ठेवा आणि शटर हातानं ठेवता येत असेल तर १/५० करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेमवर काही एलईडी दिव्यांत आडवे पट्टे सरकताना दिसतात. पंखा बंद, कारण तो आवाजात येतो आणि दिवा वर असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावर फिरते. कपडे एका रंगाचे. बारीक रेघांचे कपडे पडद्यावर थरथरतात.

खरी गडबड आवाजात होते. रिकाम्या हॉलमध्ये शब्द घुमतात आणि चांगला अभिनयही बाथरूममध्ये केल्यासारखा ऐकू येतो. गाद्या, पडदे आणि कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली घ्या. तारेचा साधा कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा, ओढणी त्यावर घासू देऊ नका. आधी दहा सेकंदांची चाचणी करून हेडफोन लावून ऐका. सबंध टेक झाल्यावर खरखर कळली तर तो पुन्हा तसा येत नाही. एकांकिकेचं प्रेक्षागृहातून केलेलं चित्रीकरण पाठवू नका, त्यात चेहरा नखाएवढा दिसतो. त्यातला एक फोटो पुरे.

टेकमध्ये कट नको, संगीत नको, पुढे-मागे चमकती नावं नकोत. प्रोफाइल आणि दोन प्रसंग या तीन वेगळ्या फायली ठेवा, कारण कुणी फक्त ओळख मागतं, कुणी फक्त हिंदी. नाव असं द्या की डाउनलोड केल्यावरही कुणाची ते कळेल :

```
Naav_Aadnav_21_5ft2_Indore_Intro.mp4
```

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला की तो दाबला जाऊन धूसर होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर यूट्यूबवर Unlisted ठेवून दुवा द्या. ड्राइव्हचा दुवा असेल तर परवानगी Anyone with the link आहे का ते दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागणारा दुवा उघडण्यासाठी कास्टिंगवाला थांबत नाही, पुढच्या नावाकडे जातो.