भाड्याची तारीख पगारानंतर ढकलून घ्यावी का?

प्रश्न: आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. भाडं 19,000, करारात 5 तारखेपर्यंत द्यायचं लिहिलंय, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. माझा पगार 58,000 हातात येतो, पण 7 तारखेला. दर महिन्याला 4 तारखेला एका ॲपवरून 10,000 उचलतो आणि 8 ला फेडतो, त्याचे 350 जातात. घरमालक काकांना तारीख पुढे न्यायला सांगू का? मागितलं तर त्यांना वाटेल पैशांची ओढाताण आहे. बाकी खर्च, दोन हप्ते आणि गावी पाठवतो ते धरून महिन्याला 37,000 च्या आसपास जातात.

उत्तर: जरूर मागा. फक्त त्याआधी अडचण तारखेची आहे की खर्चाची, एवढं तपासून घ्या, कारण खर्चच जास्त असेल तर तारीख हलवून काही उपयोग होत नाही. 5 ची चणचण 20 ला येते, इतकंच. तुमचा हिशोब मी मांडून पाहिला. घरखर्च 37,200 धरला, भाडं 19,000 आणि ॲपचे 350, म्हणजे 56,550. पगार 58,000. महिना तुटीचा नाही, दीडएक हजार उरतात. पैसे पुरतात, पण दोन दिवस उशिरा येतात. तुमची अडचण खरोखर तारखेचीच आहे.

हे दोन दिवस इतके महाग का पडतात? आज तुम्ही ऑक्टोबरचं भाडं सप्टेंबरच्या पगारातून देता. 7 सप्टेंबरला आलेल्या पैशातले 19,000 पुढचे चार आठवडे न मोडता राखून ठेवायला हवेत. पण त्याच पगारातून आधी ॲपचे 10,350 जातात, मग घरखर्च, आणि 5 ऑक्टोबरला खात्यात उरतात 10,450. भाड्याला साडेआठ हजार कमी पडतात, म्हणून पुन्हा 10,000 उचलायचे. ही उचल दर महिन्याची वेगळी नाही. एकच जुना खड्डा तुम्ही महिन्याला 350 रुपये मोजून पुढे सरकवताय, वर्षाला 4,200.

आता समजा काका ऑक्टोबरपासून हो म्हणाले. सप्टेंबरचं भाडं ऑगस्टच्या पगारातून देऊन झालेलं आहे आणि ऑक्टोबरचं ऑक्टोबरच्या पगारातून जाणार. म्हणजे सप्टेंबरच्या पगारावर भाड्याचा भार उरतच नाही. भाडं बुडत नाही, कमीही होत नाही, तरी एक पगार मोकळा होतो. त्यातून ॲपचं देणं फिटतं आणि 6 ऑक्टोबरला 10,450 खात्यात तसेच शिल्लक असतात.

या 10,450 बद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तारीख बदलल्यावर पहिल्याच महिन्यात खातं भरल्यासारखं दिसतं आणि त्याच महिन्यात नवा मोबाईल येतो किंवा सणाची खरेदी वाढते. ते पैसे उत्पन्न नाहीत, एकदाच मिळालेली मोकळीक आहे. उद्या दुसऱ्या घरात गेलात आणि तिथे भाडं 1 तारखेला आगाऊ मागितलं, तर हीच मोकळीक परत द्यावी लागेल. म्हणून ते बाजूला, वेगळ्या बचत खात्यात टाका. ॲपचे 350 वाचले की महिन्याला साधारण 1,800 उरतील. तेही तिथेच टाकत गेलात तर पाचेक महिन्यांत पूर्ण एका महिन्याचं भाडं जमा होईल. मग पगार कधीही होवो, भाडं त्या खात्यातून द्यायचं आणि पगार आला की ते खातं भरायचं.

मागायचं कसं, हेही नीट ठरवा. 8 नको, 10 तारीख मागा. पगार कधी एखादा दिवस लांबतो, आणि नव्या तारखेलाही उशीर झाला तर काकांचा विश्वास जाईल. मागा 10, द्या 8 ला. ज्या महिन्यात भाडं थकलंय त्या महिन्यात हा विषय काढू नका. वेळेवर दिल्यावर दोन दिवसांनी काढा. आणि ओढाताण दिसेल ही भीती सोडा. भाडेकरू पगाराची तारीख सांगून आधीच बोलतो, तेव्हा मालकाला तो हिशोबी वाटतो. पाच दिवसांच्या उशिराने त्यांचं व्याज 7 टक्क्यांनी धरलं तरी वीस रुपयांच्या आतच बुडतं. त्यांची खरी अडचण वेगळी असू शकते: त्याच भाड्यातून 5 तारखेला त्यांच्या गृहकर्जाचा हप्ता जात असेल. म्हणून तेही विचारा. निरोप असा पाठवता येईल:

"काका, नमस्कार. माझा पगार 7 तारखेला होतो. ऑक्टोबरपासून भाडं 5 ऐवजी 10 तारखेपर्यंत दिलं तर चालेल का? भाड्याचा महिना 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असाच राहील, रक्कमही तीच. 5 ला तुमचा काही हप्ता जात असेल तर सांगा, त्याप्रमाणे बघू."

यातलं भाड्याच्या महिन्याचं वाक्य गाळू नका. भाडं देण्याची शेवटची तारीख आणि भाड्याचा महिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट कधीकधी दोन्ही एकदम बदलतात आणि महिना 10 ते 9 असा लिहितात. मग मधल्या नऊ दिवसांचं भाडं, साडेपाच-पावणेसहा हजार, वेगळं द्यावं लागतं आणि घर सोडतानाही महिन्याच्या मधली तारीख येते. तुम्हाला फक्त शेवटची तारीख बदलायची आहे.

काकांनी तोंडी हो म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नका. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असतो आणि नोंदणीकृत करारातली अट तोंडी बदलली असं नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. दिवसाला 200 चं कलम कागदावर तसंच राहतं, आणि डिपॉझिट परत घेताना तो हिशोब निघू शकतो. त्यामुळे त्यांचा होकार व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी घ्या, "10 पर्यंत दंड नाही" असं त्यात येऊ द्या, आणि करार नव्याने होईल तेव्हा तारीख मसुद्यात घालून घ्या. नूतनीकरण दोन-तीन महिन्यांवर असेल तर तेव्हाच बोलणं सोपं. मुदतीच्या मधे ते नाही म्हणाले, तर तो त्यांचा हक्क आहे.

नाहीच म्हणाले किंवा 5 चा हप्ता निघाला, तर दोन भागांत द्यायचं विचारा: 9,000 पाच तारखेला, 10,000 दहाला. पहिल्या भागापुरते पैसे तुमच्याकडे 5 ला असतात, हे वर दिसलंच, त्यामुळे ॲपची गरज तिथेच संपते. तेही जमलं नाही तर दोन हप्त्यांपैकी एखादा एसआयपीचा असल्यास तो थोडे महिने थांबवा आणि ते पैसे उचल कमी करायला वापरा. 5,000 चा असेल तर दोन महिन्यांत खड्डा बुजतो. चार दिवसांच्या 10,000 ला 350 मोजत असताना एसआयपी चालू ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. खड्डा बुजला की एसआयपी पुन्हा सुरू करा, तारीख मात्र 10 च्या पुढची टाका.