म्हैसमाळला तुझ्याशिवाय

प्रिय बाळा,

रविवारी तुझे पाच मित्र तुला न विचारता म्हैसमाळला फिरायला गेले आणि तुला ते स्टेटसवरच्या फोटोंतून कळलं. तीन बाईक, पाच माणसं, म्हणजे एक जागा रिकामीच होती, हा हिशोब तू मला फोनवर दोनदा सांगितलास. हिशोब बरोबर आहे. पण बोलायची सुरुवात तिथून करू नकोस. पुरावा मांडला की समोरचा बचावाला उभा राहतो, आणि तुला काय वाटलं ते बाजूलाच राहतं.

ग्रुपवर काही लिहू नकोस. पाचांपैकी जो तुझ्या जवळचा आहे, त्या एकालाच चहाला बोलाव. सगळ्यांसमोर विचारलं तर तो तुला उत्तर देणार नाही, बाकीच्या चौघांना सांभाळत बसेल.

त्याला एवढंच म्हण, "तुम्ही म्हैसमाळला गेलात ते मला फोटोंतून कळलं. लई वाईट वाटलं रे. मला कामून नाही विचारलं?" आणि मग गप्प बस. ते गप्प बसणं जड जातं. दोन क्षण शांतता झाली की आपणच "जाऊ दे, काही नाही" म्हणतो, आणि समोरचा सुटतो. "तुम्ही मला टाळलंत" असं म्हणू नकोस. टाळलं की नाही यावर तो वाद घालेल, पण तुला वाईट वाटलं हे त्याला खोडता येणार नाही. "नेहमीच" हा शब्दही नको, नाहीतर तुला कधी कधी नेलं होतं तेच तो मोजून दाखवेल.

तो बहुधा म्हणेल, "जूनमध्ये दोनदा विचारलं, तू पेरणीला गावी गेलास. वाटलं, याला जमणार नाही." हे खरं असू शकतं. तसं असेल तर मान्य कर आणि सांग, "नाही म्हणायचं तर मी म्हणेन, पण तू विचारत जा."

हे सगळं मी इतकं सविस्तर लिहितोय, कारण मी बोललो नव्हतो. हॉस्टेलात असताना श्रावणातल्या एका शनिवारी मुलं खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी गेली. मला कुणी उठवलं नाही. मी मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसू लागलो आणि वर्षभर तसाच बसलो. त्या आठवड्यात मला ताप होता, म्हणून त्यांनी मला झोपू दिलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं. तोवर त्या मित्रांशी बोलणंच उरलं नव्हतं.

तो चिडला किंवा हसण्यावारी नेलं, तर तिथेच ताणू नकोस. दोन-चार दिवस जाऊ दे. मात्र इतकं स्पष्ट सांगूनही पुढच्या दोन्ही सहली तुला न विचारता झाल्या, तर ते त्याचं उत्तर समज आणि पुन्हा विचारायला जाऊ नकोस.

शनिवारी तू लवकर मोकळा होतोस ना? मग त्याला सहाला बोलाव. काय झालं ते रात्री मला फोन करून सांग, मी जागा असेन.

तुझा,
काका