एफ-१ व्हिसा : कॅम्पसवरची दोन कामं आणि घरगुती शिकवणी

प्रश्न : मी अमेरिकेत एफ-१ व्हिसावर एमएस करतोय. डिपार्टमेंटमध्ये ग्रेडर म्हणून आठवड्याला १२ तास काम आहे. आता विद्यापीठाच्या ट्युटरिंग सेंटरने १० तास देऊ केलेत. शिवाय इथल्याच एका मराठी कुटुंबातल्या मुलीला गणित शिकवायला तासाला ३० डॉलर मिळतायत. दोन तास शिकवून ६० डॉलर घेतलेही आहेत. भारतातल्या मुलांना झूमवर शिकवायचाही विचार आहे. यातलं काय चालेल?

उत्तर : ट्युटरिंग सेंटरचं काम चालेल, पण १० तास नाही. सत्र सुरू असताना कॅम्पसवरच्या सगळ्या कामांचे तास मिळून आठवड्याला २० च्या वर जाता येत नाही. १२ आणि १० म्हणजे २२. दोन वेगवेगळे विभाग असल्याने दोन्हीकडचे सुपरवायझर आपापलेच तास पाहतात. बेरीज तुम्हालाच करावी लागते. चार आठवड्यांची सरासरी काढून २० दाखवता येत नाही. तुमच्या पेरोलचा आठवडा कुठल्या वारी सुरू होतो हेही एचआरला विचारून घ्या.

मी सेंटरकडे ८ ऐवजी ७ तास मागायला सांगेन, कारण ग्रेडरचं काम कधीच सारखं येत नाही. समजा मिडटर्मच्या आठवड्यात ८० उत्तरपत्रिका आल्या आणि प्रत्येकीला १२ मिनिटं लागली. नुसत्या तपासणीचे १६ तास झाले. त्यात सेंटरचे ७ मिळवले की २३. म्हणून परीक्षेची तारीख कळली की त्या आठवड्यातल्या सेंटरच्या शिफ्ट आधीच कमी करून घ्या, किंवा निम्मे पेपर पुढच्या आठवड्यात तपासायची परवानगी प्राध्यापकांकडून ईमेलवर घ्या. टाइमशीटवर २० लिहून तीन तास फुकट केले म्हणून सुटका होत नाही. केलेलं काम ते कामच, आणि खोटी नोंद ही वेगळी भानगड.

सेंटर खरोखर विद्यापीठाचं आहे ना, हेही बघा. पगार विद्यापीठाच्या पेरोलमधून येत असेल तर प्रश्न नाही. पण विद्यापीठाने बाहेरच्या ऑनलाइन ट्युटरिंग कंपनीशी करार केला असेल आणि पगार ती कंपनी देणार असेल, तर केवळ तुम्ही लायब्ररीत बसून शिकवता म्हणून ते कॅम्पसवरचं काम होत नाही. तेव्हा रुजू होण्याआधी ऑफर लेटर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला दाखवा. उन्हाळ्याच्या आणि इतर अधिकृत सुट्टीत, पुढच्या सत्राला नाव नोंदवणार असाल तर, २० तासांची मर्यादा नसते.

घरगुती शिकवणी मात्र परवानगीशिवाय एक तासही चालत नाही. तुमच्या २० पैकी तास शिल्लक आहेत की नाहीत हा मुद्दाच इथे येत नाही, कारण ते तास फक्त कॅम्पससाठी आहेत. रोख घेतले, भेट म्हणून घेतले, पैशांऐवजी जेवण किंवा भाड्यात सूट घेतली, तरी तो मोबदलाच. झूमचंही तेच. मुलं भारतात आणि पैसे भारतातल्या खात्यात असले, तरी काम करणारे तुम्ही अमेरिकेत बसलेले असता. सुट्टीत भारतात गेल्यावर तिथून शिकवलंत तर त्याला ही अट लागू नाही.

कॅम्पसबाहेर कामाची वाट आहे, पण अरुंद. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, अनपेक्षित आणि हाताबाहेरच्या कारणाने पैशांची गंभीर अडचण आली, तर डीएसओच्या शिफारशीने आय-७६५ फॉर्म भरून परवानगी मागता येते. वर्क परमिटचं कार्ड हातात पडल्यावरच काम सुरू करायचं, अर्ज केल्याबरोबर नाही. ‘थोडे जास्त पैसे हवेत’ हे कारण इथे टिकत नाही.

आता त्या ६० डॉलरचं. विनापरवाना काम म्हणजे स्टेटस मोडणं, आणि ज्याने असं काम केलंय त्याला नियमाप्रमाणे रीइन्स्टेटमेंट, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मिळवण्याची सोय, उपलब्ध नसते. त्यामुळे शिकवणी आजच थांबवा. पैसे परत केल्याने झालेलं काम पुसलं जात नाही, म्हणून त्या कुटुंबाला मागच्या तारखेची चिठ्ठीबिठ्ठी लिहायला लावू नका. डीएसओशी या दोन तासांबद्दल बोलण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. डीएसओला मात्र कळलेली गोष्ट सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींच्या प्रणालीत, नोंदवावी लागू शकते. पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ फॉर्ममध्ये विनापरवाना कामाबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खोटं ‘नाही’ लिहिणं या दोन तासांपेक्षा कितीतरी महागात पडेल. आणि हे ६० डॉलर त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये कसे दाखवायचे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.